पावलांची लांबी, कॅडेन्स आणि १६०० मीटरचे टायमिंग

धावण्याचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो: एका मिनिटात किती पावले पडतात आणि एका पावलात किती अंतर कापले जाते. मिनिटाला पडणाऱ्या पावलांच्या संख्येला कॅडेन्स म्हणतात. कॅडेन्सला पावलाच्या लांबीने गुणले की एका मिनिटात कापलेले अंतर मिळते. एकूण अंतराला त्या आकड्याने भागले की लागणारा वेळ मिळतो. १००० मीटरला भागले तर किलोमीटरमागे लागणारी मिनिटे, म्हणजेच पेस, हाती येतो.

मिनिटातील अंतर = कॅडेन्स × पावलाची लांबी
लागणारा वेळ = एकूण अंतर ÷ मिनिटातील अंतर

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावांतील तरुणांना हा हिशेब लागतो तो मुख्यतः भरतीच्या ग्राउंडसाठी. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेकही असते. राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीत ५ किलोमीटरची धाव आहे आणि या बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. या चाचण्यांमध्ये गुण वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात, त्यामुळे काही सेकंदांनी उमेदवार वरच्या किंवा खालच्या टप्प्यात जाऊ शकतो. म्हणून पुढील हिशेब १६०० मीटरवर मांडला आहे.

एक पाऊल की दोन

हिशेबात पहिली गफलत मोजणीच्या एककात होते. डावा पाय टेकल्यापासून उजवा पाय टेकेपर्यंतचे अंतर हे एक पाऊल. उजवा पाय टेकल्यापासून तोच उजवा पाय पुन्हा टेकेपर्यंत दोन पावले होतात. काही घड्याळे आणि पुस्तके ही दोन पावले मिळून एकच ढांग धरतात. त्यामुळे एका ठिकाणी १७२ दिसणारा कॅडेन्स दुसऱ्या ठिकाणी ८६ दिसतो, आणि १.५५ मीटरची लांबी ३.१० मीटर होते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मात्र एका पद्धतीचा कॅडेन्स आणि दुसऱ्या पद्धतीची लांबी गुणली तर वेग दुप्पट किंवा निम्मा येतो. या लेखात सगळीकडे एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंतचे एकच पाऊल धरले आहे.

स्वतःची मोजणी

मोजायचे दोन आकडे पुरतात: वेळ आणि पावलांची संख्या. अंतर आधीच माहीत असले की कॅडेन्स आणि लांबी दोन्ही त्यातून निघतात. धावताना प्रत्येक पाऊल मोजणे जड जाते. त्यामुळे फक्त उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजावे आणि येणारा आकडा दुप्पट करावा.

बरेच जण १०० मीटर मोजून त्यावरून हिशेब करतात. १५५ सेंटीमीटर पावलाच्या धावपटूला १०० मीटरला साधारण ६४ ते ६५ पावले लागतात, म्हणजे उजवा पाय ३२ वेळा टेकतो. मोजणीत उजव्या पायाचे एक टेकणे इकडचे तिकडे झाले तर निकाल ३ टक्क्यांनी बदलतो. जो बदल शोधायचा आहे तो मुळात २ ते ५ टक्क्यांचाच असतो, तेव्हा मोजणीची चूकच सुधारणा म्हणून दिसू शकते. ४०० मीटरची पूर्ण फेरी मोजली तर हीच चूक पाऊण टक्क्यावर येते. म्हणून फेरी हेच मोजणीचे किमान अंतर धरावे.

अंतर चुकले तर त्याची सगळी चूक पावलाच्या लांबीवर जाते, कारण पावले आणि वेळ तर बरोबरच मोजलेले असतात. गावाकडच्या मैदानावर चुन्याने आखलेली फेरी ४०० मीटरच आहे असे गृहीत धरू नये, टेपने एकदा मोजून घ्यावी. मोजताना टेप आतल्या रेषेवर ठेवायची नाही. जमिनीवर नुसती चुन्याची रेषा असेल तर रेषेच्या बाहेर २० सेंटीमीटरवरून मोजतात, आणि आतल्या बाजूला उंच कडा असेल तर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून. धावपटूची वाट प्रत्यक्षात तिथूनच जाते.

प्रमाणित ट्रॅकवर एक लेन १.२२ मीटर रुंद असते. पहिल्या लेनऐवजी पूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून धावल्यास सुमारे ७ मीटर जास्त पडतात. चार फेऱ्यांत ते २८ मीटर होतात, आणि सहा मिनिटांत १६०० मीटर धावणाऱ्याचे त्यात सुमारे ६ सेकंद जातात. घोळक्यात बाहेरून धावलेल्या दिवसाचे टायमिंग आणि एकट्याने आतून धावलेल्या दिवसाचे टायमिंग यांची तुलना म्हणूनच फसवी ठरते. रस्त्यावर मोबाइलच्या अॅपने मोजलेले अंतरही थोडे कमीजास्त येते. घड्याळातील कॅडेन्स सहसा हाताच्या हालचालीवरून काढलेला असतो आणि तो बराच विश्वासार्ह असतो. तेच घड्याळ पावलाची लांबी मात्र उपग्रहावरून मोजलेल्या अंतरातून काढते. त्यामुळे घड्याळातला कॅडेन्स वापरावा आणि लांबी मोजलेल्या फेरीवरून काढावी.

सहा मिनिटांच्या धावपटूचा हिशेब

उदाहरणासाठी एक उमेदवार घेऊ. त्याला १६०० मीटरला ६ मिनिटे लागतात. चार फेऱ्यांत उजव्या पायाची टेकणी ५१६ भरली, म्हणजे पावले १०३२. त्याला ६ ने भागले की कॅडेन्स १७२ येतो. १६०० मीटरला १०३२ ने भागले की पाऊल १.५५ मीटरचे निघते. उलट बाजूने पडताळा घेता येतो: १७२ × १.५५ म्हणजे मिनिटाला २६६.६ मीटर, आणि १६०० ÷ २६६.६ म्हणजे ६ मिनिटे. पेस किलोमीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद.

आता पाऊल तेवढेच ठेवून कॅडेन्स १७२ वरून १७६ केला तर मिनिटाला २७२.८ मीटर कापले जातील आणि १६०० मीटरला ५ मिनिटे ५२ सेकंद लागतील. मिनिटाला फक्त चार पावले वाढवून ८ सेकंद वाचले. या धावपटूसाठी कॅडेन्समधले एक पाऊल म्हणजे साधारण २ सेकंद. लांबीतला एक सेंटीमीटर म्हणजेही सव्वादोन सेकंद. हे दोन आकडे लक्षात ठेवले की मैदानावर कागद-पेन लागत नाही.

मात्र ‘पाऊल तेवढेच ठेवून’ ही अट कागदावर सोपी असते. पाय लवकर उचलला की हवेत राहण्याचा वेळ कमी होतो आणि पाऊल आपोआप आखूड पडते. किती आखूड पडते यावर सगळे अवलंबून आहे. खालच्या तक्त्यात त्याच धावपटूचे १६०० मीटरचे टायमिंग दिले आहे.

| कॅडेन्स | पाऊल १.५५ मी. | पाऊल १.५२ मी. | पाऊल १.४८ मी. |
|---|---|---|---|
| १७२ | ६:०० | ६:०७ | ६:१७ |
| १७६ | ५:५२ | ५:५९ | ६:०९ |
| १८० | ५:४४ | ५:५१ | ६:०० |

तक्ता तिरका वाचावा. कॅडेन्स १८० झाला आणि पाऊल ३ सेंटीमीटरने आखडले तर १६ ऐवजी ९ सेकंद वाचतात. पाऊल ७ सेंटीमीटरने आखडले तर टायमिंग पुन्हा ६ मिनिटांवर येते, म्हणजे मिनिटाला आठ पावले जास्त टाकूनही हाती काहीच लागत नाही. कॅडेन्स ४ ने वाढला आणि तेवढेच ७ सेंटीमीटर गेले तर वेळ वाढतो. टक्क्यांत सांगायचे तर कॅडेन्स जितके टक्के वाढला त्यातून लांबी जितके टक्के घटली ते वजा करावे. जे उरेल ती साधारणपणे वेगातली खरी वाढ.

कॅडेन्सची मर्यादाही याच हिशेबातून दिसते. या धावपटूला ५ मिनिटे १० सेकंदांवर यायचे असेल तर मिनिटाला जवळपास ३१० मीटर कापावे लागतील. पाऊल १.५५ वरच राहिले तर त्यासाठी कॅडेन्स २०० लागेल, आणि मध्यम अंतरावर तो पाच मिनिटे टिकवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॅडेन्स १८४ धरला तर पाऊल १.६८ मीटरचे हवे. म्हणजे कॅडेन्स १८४ पर्यंत नेला तरी ५० सेकंदांच्या या सुधारणेतला निम्म्याहून थोडा जास्त वाटा पावलाच्या लांबीचाच राहतो.

अव्वल धावपटूंच्या आकड्यांत लांबीचे महत्त्व आणखी ठळक दिसते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. तो वेग किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद, म्हणजे मिनिटाला जवळपास ३४९ मीटर होतो. या वेगाला कॅडेन्स १८० धरला तर पाऊल १.९४ मीटरचे भरते आणि १९० धरला तरी १.८४ मीटरचे. सहा मिनिटांच्या उमेदवाराचा कॅडेन्स त्या पट्ट्यापासून फार लांब नाही, पाऊल मात्र सुमारे ३० ते ४० सेंटीमीटरने मागे आहे.

पाऊल पुढे फेकून लांब होत नाही

पाऊल लांब हवे म्हटल्यावर बरेच जण पाय पुढे फेकून टाच आपटतात. पाय गुडघ्याच्या पुढे, सरळ होऊन टेकला की जमीन शरीराला मागे ढकलते आणि प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो. तो ब्रेक भरून काढायला पुन्हा जोर लागतो. उपयोगाची लांबी मागच्या बाजूला तयार होते: पाय शरीराच्या खाली, गुडघा किंचित वाकलेला असताना टेकतो, मागे जोरात ढकलतो, आणि शरीर हवेत असताना अंतर कापले जाते. ही लांबी ताकदीतून येते. चढावरची छोटी वेगवान धाव, दोरीवरच्या उड्या आणि १०० मीटरच्या तयारीतले स्प्रिंट यांतून ती हळूहळू वाढते, त्याला महिने लागतात.

पाय पुढे फेकणाऱ्याला कॅडेन्स वाढवण्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. त्याचे पाऊल आखडते, पण आखडतो तो पुढे वाया जाणारा भाग. २०११ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात वेग तोच ठेवून धावपटूंचा कॅडेन्स ५ आणि १० टक्क्यांनी वाढवला गेला. ५ टक्क्यांच्या वाढीनेच गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी झाला. त्या प्रयोगात वेग बदललेला नव्हता हे ध्यानात ठेवावे. कॅडेन्स वाढवल्याने सांध्यांना आराम मिळणे आणि टायमिंग सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘१८०’ हा आकडाही जपून वापरावा. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावले मोजली तेव्हा जवळपास सर्वांचा कॅडेन्स १८० किंवा त्याहून अधिक होता. ती मोजणी अव्वल धावपटूंची आणि शर्यतीच्या वेगातली होती. वेग वाढला की प्रत्येकाचा कॅडेन्स थोडा वाढतोच. सकाळच्या संथ धावेत १६४ आणि १६०० मीटरच्या चाचणीत १७६ असणे हे एकाच माणसाचे नेहमीचे आकडे असू शकतात. उंच आणि लांब पायांच्या धावपटूचा कॅडेन्स त्याच वेगाला सहसा कमी असतो. म्हणून तुलना स्वतःशी आणि त्याच वेगात करावी.

बदल कसा करावा

एकदम मोठी उडी घेऊ नये. पहिला बदल २ ते ३ टक्क्यांचा पुरे, म्हणजे १७२ वरून १७६. मोबाइलवर मेट्रोनोमचे मोफत अॅप मिळते. त्यात मिनिटाला १७६ ठोके लावले की प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडायला हवे. घाई वाटत असेल तर ८८ ठोके लावून फक्त उजवा पाय ठोक्यावर टाकावा.

पहिल्या टप्प्यात वेग वाढवायचा नाही. फेरीला ९० सेकंद लागत असतील तर १७६ च्या ठोक्यावरही फेरी ९० सेकंदांतच पूर्ण करावी. पाऊल आखडून सुमारे १.५२ मीटर होईल, ते होऊ द्यावे. हलक्या धावेच्या मधे एकेक मिनिट ठोक्यावर आणि मग दोन मिनिटे आपल्या नेहमीच्या लयीत, असे पाच-सहा वेळा केल्यास पायांना लय कळते. संथ धावेत मात्र १७६ चा आग्रह धरू नये. तिथे त्या वेगाचा नेहमीचा कॅडेन्स मोजून त्यातच तीन-चार पावले वाढवावीत.

ठोक्याशिवायही कॅडेन्स टिकू लागला की दुसरा टप्पा सुरू करावा. आता ४०० मीटरच्या चार वेगळ्या फेऱ्या मधे विश्रांती घेऊन धावाव्यात, कॅडेन्स १७६ ठेवावा आणि मागचा ढकल वाढवून पाऊल पुन्हा १.५५ कडे न्यावे. प्रत्येक फेरीत वेळ आणि उजव्या पायाची टेकणी लिहून ठेवावीत. फेरी ८८ सेकंदांत आणि टेकणी १२९ च्या आसपास आली तर हिशेब जुळला: २५८ पावले, १७६ चा कॅडेन्स, १.५५ चे पाऊल. फेरीला ९० सेकंदच लागले आणि टेकणी १३२ झाली तर कॅडेन्स वाढला पण लांबी गेली, म्हणजे धावपटू अजून पहिल्या टप्प्यातच आहे.

बदल चुकीच्या दिशेने चालल्याची लक्षणे अंगावर दिसतात. पावले टपटप वाजतात, खांदे वर चढतात, आणि दम लागूनही वेळ तोच राहतो. पोटऱ्या किंवा टाचेमागची शीर दुखू लागली तर आधीच्या कॅडेन्सवर परत जावे आणि दुखणे थांबेपर्यंत ठोक्यावरची धाव बंद ठेवावी. आखूड पावलात गुडघ्याचा भार कमी होतो तसा पोटरीवरचा ताण वाढू शकतो, त्यामुळे ही दुखणी सर्वांत आधी येतात. पावसानंतर काळ्या मातीच्या मैदानावर पाय रुततो, तेव्हा पाऊल आखडते आणि पाय उचलायलाही वेळ लागतो. त्या दिवसाचे आकडे कोरड्या दिवसाशी ताडून पाहू नयेत.

फेरीनिहाय मोजणी काय सांगते

चारही फेऱ्यांची सरासरी १७२ आली तरी आत काय घडले ते त्यातून कळत नाही. वरच्याच उमेदवाराच्या फेऱ्या वेगळ्या मोजल्या तर चित्र असे असू शकते:

| फेरी | वेळ (सेकंद) | पावले | कॅडेन्स | पाऊल (मी.) |
|---|---|---|---|---|
| पहिली | ८० | २३६ | १७७ | १.६९ |
| दुसरी | ९० | २५८ | १७२ | १.५५ |
| तिसरी | ९६ | २७० | १६९ | १.४८ |
| चौथी | ९४ | २६८ | १७१ | १.४९ |

वेळेची बेरीज ३६० सेकंद आणि पावलांची बेरीज १०३२, म्हणजे तेच ६ मिनिटांचे टायमिंग. पहिल्या फेरीपासून तिसऱ्या फेरीपर्यंत कॅडेन्स जेमतेम ५ टक्क्यांनी उतरला, पण पाऊल साडेबारा टक्क्यांनी आखडले. थकव्यात पाय जवळपास तेवढ्याच वेळा उचलला जातो, फक्त त्यातला ढकल जातो. या उमेदवाराला ‘पाय लवकर उचल’ असे ओरडून सांगण्याचा फारसा उपयोग नाही. त्याचा दोष पहिल्या फेरीत आहे. ती ८८ सेकंदांत धावल्यास पुढच्या फेऱ्यांत पाऊल इतके आखडणार नाही. उलट एखाद्याच्या तक्त्यात लांबी टिकून कॅडेन्स १७७ वरून १६५ वर उतरलेला दिसला, तर तिसऱ्या फेरीत ठोका धरून ठेवण्याचा सराव त्याला थेट उपयोगी पडतो. दोघांचे टायमिंग एकच असले तरी इलाज वेगळा, आणि तो ठरवायला फेरीनिहाय पावले मोजावीच लागतात.

८०० मीटर आणि ५ किलोमीटर

८०० मीटरच्या चाचणीत दोनच फेऱ्या असतात, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांची पावले वेगळी मोजली की हिशेब पूर्ण होतो. अंतर निम्मे असल्याने कॅडेन्समधल्या एका पावलाची किंमत साधारण एक सेकंद राहते.

५ किलोमीटरला अंतर मोठे म्हणून लहान बदलाचा परिणाम मोठा दिसतो. २५ मिनिटे घेणाऱ्याचा कॅडेन्स १६४ आणि पाऊल १.२२ मीटर असेल, तर पाऊल तेच राखून कॅडेन्स १६८ केल्यास वेळ २४ मिनिटे २४ सेकंदांवर येतो. चार पावलांत ३६ सेकंद वाचले, म्हणजे एका पावलाला ९ सेकंद. पण हा कॅडेन्स २४ मिनिटे टिकवावा लागतो आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये पाऊल आखडण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे मोजणी पहिल्या किलोमीटरमध्ये करून थांबू नये. दुसऱ्या आणि पाचव्या किलोमीटरमध्ये प्रत्येकी एक मिनिट उजव्या पायाची टेकणी मोजावी आणि त्या किलोमीटरचा वेळ लिहावा.

सुधारणा झाली की नाही हे एका दिवसाच्या आकड्यावरून ठरवू नये. हाताने चालू-बंद केलेल्या स्टॉपवॉचमध्ये पाव सेकंदाचा आणि मोजणीत एका टेकणीचा फरक नेहमीच संभवतो. त्याच मैदानावर, त्याच लेनमध्ये, सारख्या कोरड्या जमिनीवर तीन वेगवेगळ्या दिवशी कॅडेन्स वाढलेला, पाऊल टिकलेले आणि वेळ घटलेला, असे तिन्ही आकडे एका दिशेला आले तरच नवा कॅडेन्स चाचणीत वापरण्याजोगा समजावा.